मनगटातली फट : एक्स-रेवर दिसलेल्या काळ्या रेषेचा इतिहास

पडद्यावर दोन एक्स-रे लावले आहेत. दोन्ही मनगटाचे, समोरून काढलेले. डावीकडच्या चित्रात मनगटातली लहान हाडं एकमेकांना खेटून बसलेली दिसतात. दोन हाडांमध्ये दिसणारी काळी रेघ सगळीकडे साधारण सारख्याच जाडीची आहे. उजवीकडच्या चित्रात मात्र मधोमध एका ठिकाणी ही रेघ रुंद झाली आहे, एखाद्याच्या पुढच्या दोन दातांमध्ये फट असावी तशी. आज आपण या फटीचा इतिहास पाहणार आहोत. ती कुणी पाहिली, तिचा अर्थ कुणाला कधी लागला, आणि ती बुजवण्याच्या नादात शल्यचिकित्सक कुठे चुकत गेले.

आधी हाडांची ओळख करून घेऊ. मनगटात आठ लहान हाडं दोन ओळींत बसवलेली असतात. पुढची ओळ बोटांच्या बाजूला, मागची ओळ पुढच्या हाताच्या, म्हणजे कोपर ते मनगट या भागातल्या लांब हाडांच्या बाजूला. आपलं काम मागच्या ओळीशी आहे. तिच्यात अंगठ्याच्या बाजूला स्कॅफॉइड. हे नाव ग्रीक भाषेतल्या नावेवरून आलं आहे आणि हाडही होडीसारखंच आहे. त्याच्या शेजारी मधोमध ल्यूनेट, म्हणजे चंद्रकोर. आणि करंगळीच्या बाजूला ट्रायक्वेट्रम. चौथं वाटाण्याएवढं हाड ट्रायक्वेट्रमवर बसलेलं असतं, त्याला आज बाजूला ठेवू. होडी आणि चंद्रकोर यांना जोडणारा जो अस्थिबंध आहे तो आजच्या गोष्टीचा नायक. इंग्रजी सी अक्षरासारखा तो दोन हाडांच्या मागून, वरून आणि पुढून वळसा घेतो. त्यातला हाताच्या पाठीकडचा भाग जाड आणि खरा ताकदीचा. तळव्याकडचा त्याहून कमजोर, आणि मधला तर नुसता पडदाच.

या मागच्या ओळीची एक गंमत लक्षात ठेवली तर पुढचं सगळं सोपं जाईल. या तीन हाडांपैकी एकावरही हात हलवणारा स्नायू थेट येऊन चिकटत नाही. स्नायूंच्या दोऱ्या त्यांना ओलांडून पुढे जातात आणि पुढची हाडं ओढतात. मागची ओळ मधल्या मध्ये, दोन्हीकडून येणाऱ्या दाबाप्रमाणे हलते. अंगठ्याकडून येणारा दाब होडीला तळव्याच्या बाजूला झुकवू पाहतो. करंगळीच्या बाजूचं ट्रायक्वेट्रम उलट, हाताच्या पाठीकडे कलू पाहतं. मधली चंद्रकोर दोघांना बांधलेली, म्हणून ती समतोलात राहते. आता होडीशी असलेला तिचा बंध तुटला असं समजा. होडी एकटी तळव्याकडे कोसळते. चंद्रकोर ट्रायक्वेट्रमच्या ओढीने उलट दिशेला, पाठीकडे कलते. म्हणजे मूळ बिघाड हाडं गोल फिरण्याचा आहे. दोन हाडं एकमेकांपासून लांब जाणं, म्हणजे आपली फट, हा त्याचा एक परिणाम. आणि तोही नेहमी दिसतोच असं नाही. हे वाक्य समजायला वैद्यकाला साधारण पाऊणशे वर्षं लागली.

आता सुरुवातीकडे जाऊ. 1895 च्या नोव्हेंबरात रॉन्टगेन यांना क्ष-किरण सापडले आणि त्याच डिसेंबरात त्यांनी आपल्या पत्नीच्या हाताचं चित्र घेतलं. त्या चित्रामुळे बोटातली अंगठी जगभर प्रसिद्ध झाली. त्याआधी मनगटाच्या दुखापतीचं निदान म्हणजे बाहेरून चाचपणं. हाड उघडच वाकडं झालं असेल तर मोडलं, नाहीतर मुरगळलं. फ्रान्समध्ये लिऑं शहरात एतिएन देस्तो नावाचे डॉक्टर होते. त्यांनी 1896 सालीच हे नवं यंत्र हाताशी धरलं आणि पुढची वीसेक वर्षं मनगटाचे एक्स-रे काढण्यात, वाचण्यात घालवली. 1905 साली त्यांचं पुस्तक आलं, त्याचं नावच मुळी मनगट आणि कामावरचे अपघात असं होतं.

या नावावर थोडं थांबायला हवं. 1898 च्या एप्रिलमध्ये फ्रान्समध्ये एक कायदा झाला. कामावर अपघात झाला तर मालकाची चूक सिद्ध न करताही कामगाराला भरपाई मिळण्याची सोय त्यात होती. आता मुरगळलेल्या मनगटाला पैशात किंमत आली. मनगट बाहेरून नीट दिसतं आहे, पण माणूस म्हणतो घण उचलता येत नाही. त्याचं खरं मानायचं की तो सोंग करतो आहे? हा प्रश्न डॉक्टरपुढे आणि न्यायाधीशापुढे रोज येऊ लागला असला पाहिजे. देस्तोंचं काम या वातावरणात उभं राहिलं. मुरगळा म्हणून सोडून दिलेल्या कित्येक मनगटांत होडीचं हाड प्रत्यक्षात मोडलेलं असतं, हे एक्स-रेमुळे दाखवता आलं. आणि काही मनगटांत हाड मोडलेलं नसतानाही होडी आणि चंद्रकोर यांच्यात अंतर पडलेलं असतं, हेही नोंदवलं गेलं. या बिघाडाच्या पहिल्या वर्णनाचं श्रेय हाताचे शल्यचिकित्सक आजही बहुधा देस्तोंना देतात. 1918 साली ते वारले. मनगटाच्या दुखापती आणि क्ष-किरण या विषयावरचा त्यांचा मोठा ग्रंथ 1923 साली, त्यांच्यामागे प्रसिद्ध झाला.

आमच्या मते इथेच एक अडचणही जन्माला आली. एक्स-रे हा साक्षीदार झाला, पण त्याला हाडच दिसतं. अस्थिबंध दिसत नाही. जे दिसतं तेच खरं, असा समज एकदा बसला की जे दिसत नाही ते नाहीच असं ठरतं. हाड मोडलेलं नाही, म्हणजे काही झालेलं नाही. आपल्याकडेही मनगट मुरगळलं की पहिला प्रश्न हाच असतो ना, फ्रॅक्चर आहे का? नाही म्हटलं की घरातले सुटकेचा श्वास टाकतात, हळदीचा लेप लागतो, आणि विषय संपतो.

यानंतरची बरीच वर्षं या विषयात फारसं काही घडलं नाही. खरी उडी 1943 साली, लंडनमध्ये, युद्ध चालू असताना. गिलफर्ड, बोल्टन आणि लॅम्ब्रिन्यूडी या तिघांनी गायज हॉस्पिटलच्या नियतकालिकात मनगटाच्या यंत्रणेवर लेख लिहिला. त्यांचा मुद्दा साधा होता. मनगट ही कड्यांची साखळी आहे. साखळी ओढली तर सरळ राहते, दोन्ही टोकांनी दाबली तर मधल्या कडीपाशी वाकडी होते. आपण मूठ आवळतो तेव्हा स्नायू मनगटाला दाबतच असतात. मग ते दुमडत का नाही? तर होडीचं हाड दोन्ही ओळींवर आडवं टाकलेल्या फळीसारखं आहे, तेच दुमडणं थांबवतं. फळी मोडली किंवा सुटली की साखळी दुमडणार. लेख मुख्यतः होडीच्या फ्रॅक्चरबद्दल होता, पण अस्थिबंध तुटला तरी तीच गत होणार हे त्यात आलंच. पुढे 1970 साली जेफ्री फिस्क यांनी लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समधल्या हंटेरियन व्याख्यानात या दुमडण्याला कॉन्सर्टिनाचं नाव दिलं. कॉन्सर्टिना म्हणजे हातात धरून वाजवायची छोटी पेटी. तिचा भाता मिटताना जशा घड्या पडतात तसं मनगट घडी पडून बसतं.

मग 1972. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या मेयो क्लिनिकचे लिन्शाइड, डॉबिन्स, ब्रायन हे शल्यचिकित्सक आणि बीबाउट हे क्ष-किरणतज्ज्ञ, अशा चौघांनी एक लेख लिहिला. तो या विषयाचा पाया मानला जातो. त्यांनी लोकांना सांगितलं, समोरून काढलेल्या चित्राकडेच बघत बसू नका, बाजूने काढलेलं बघा. बाजूच्या चित्रात हाडं एकावर एक पडून गोंधळ दिसतो, म्हणून लोक ते टाळत. या चौघांनी त्या गोंधळातून दोन रेषा काढायला शिकवलं. एक होडीच्या लांबीतून, दुसरी चंद्रकोरीच्या मधून. दोघींमधला कोन मोजायचा. निरोगी मनगटात तो साधारण 30 ते 60 अंशांत असतो, सरासरी 47 च्या आसपास. होडी खाली झुकली आणि चंद्रकोर मागे कलली की कोन वाढत जातो. 70 च्या पुढे गेला की काहीतरी सुटलं आहे असं धरून चालावं. चंद्रकोर पाठीकडे कलण्याच्या या स्थितीला पुढे डिसी हे लघुनाव पडलं, आज निवासी डॉक्टर ते सहज वापरतात.

म्हणजे अर्थ लावायचं साधन हातात आलं होतं. पण लोकांच्या डोक्यात राहिली ती फटच. त्याचं एक कारण 1977 साली घडलं. व्हिक्टर फ्रँकेल यांनी या फटीला टेरी-थॉमस खूण असं नाव दिलं. टेरी-थॉमस हे इंग्रज विनोदी नट, पुढच्या दातांतली मोठी फट हीच त्यांची ओळख. नाव इतकं चपखल की विद्यार्थी ते कधी विसरले नाहीत. पुढे टेरी-थॉमस कोण हे नव्या पिढीला माहीत नसल्यामुळे फटीच्या दातांच्या दुसऱ्या प्रसिद्ध माणसांची नावंही सुचवली गेली. कोन मोजणाऱ्या लेखाच्या नशिबी असं नाव आलं नाही. चांगलं नाव मिळालेली खूण परीक्षेत विचारली जाते, परीक्षेत विचारलेली खूण दवाखान्यात शोधली जाते, आणि ती दिसली नाही की रुग्णाला घरी पाठवलं जातं.

फटीचे आकडे सांगून टाकू. दोन हाडांमधलं अंतर 3 मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर संशय घ्यायचा, 5 च्या पुढे असेल तर अस्थिबंध तुटल्याची जवळपास खात्री धरायची. पण काही माणसांची ही जागा जन्मतःच रुंद असते, दोन्ही हातांत, आणि त्यांना काहीही त्रास नसतो. म्हणून दुसऱ्या हाताचं चित्र काढल्याशिवाय फट मोजू नये. दुसरी काळजी अशी की स्वस्थ ठेवलेल्या हाताचं चित्र पुरत नाही. मूठ घट्ट आवळून चित्र काढलं की मधलं मोठं कॅपिटेट हाड पाचरीसारखं मागे रेटतं आणि लपलेली फट उघडते. याशिवाय समोरच्याच चित्रात आणखी एक खूण असते. झुकलेली होडी टोकाकडून दिसते, म्हणून आखूड दिसते आणि तिच्यात अंगठीसारखं वर्तुळ उमटतं. फट नसेल आणि ही अंगठी असेल, तरी सावध व्हावं.

आता मुद्दा असा की अस्थिबंध तुटला त्या दिवशी फट का दिसत नाही? याचं उत्तर प्रयोगशाळेतून आलं. 1980 साली मेफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शवांच्या मनगटांवर भार टाकून दाखवलं की हात टेकून पडताना दुखापत एका ठरावीक क्रमाने पुढे सरकते. मनगट मागे वळलेलं, करंगळीकडे झुकलेलं, आणि त्यावर अंगाचा भार. पहिला बळी होडी-चंद्रकोरीचा बंध. जोर आणखी असेल तर कॅपिटेटजवळचे बंध, मग ट्रायक्वेट्रमकडचे, आणि शेवटी चंद्रकोर स्वतःच जागेवरून निखळून तळव्याकडे पडते. म्हणजे आपली दुखापत ही पहिली पायरी. बहुतेक लोक या पायरीवरच थांबतात, आणि म्हणूनच त्यांचं मनगट बाहेरून ठीक दिसतं. पुढे न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज इथे वॉल्टर शॉर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अस्थिबंध एकामागून एक कापून हाडांची हालचाल मोजली. त्यातून दिसलं की मुख्य बंध जाताक्षणी सगळं कोसळत नाही. होडीला खालून आणि मागून धरून ठेवणारे इतर बंध काही काळ भार पेलतात. मनगट वारंवार हललं, ते साथीदार सैल झाले, की मग हाडं फिरतात. चित्रात दिसणारी फट बहुधा या दुसऱ्या टप्प्याची असते.

हे एका माणसावर लावून पाहू. हा कुणी एक खरा रुग्ण नाही, नेहमी दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून आम्ही उभा केलेला आहे. वय 31, कारखान्यात लेथवर काम. पावसात दुचाकी घसरली, उजवा हात टेकून पडला. दवाखान्यात समोरून आणि बाजूने एक्स-रे निघाले. हाड मोडलेलं नाही, फट 2 मिलिमीटर, दुसऱ्या हाताशी तुलना नाही, मूठ आवळून चित्र नाही. मुरगळलं आहे, दहा दिवस क्रेप बँडेज बांधा, गोळ्या घ्या. सूज उतरली, तो कामावर गेला. तीन महिन्यांनी तो सांगतो की जमिनीवर हात टेकून उठताना मनगटात कळ येते. फडकं पिळता येत नाही. लेथचा चक घट्ट करताना हाताचा जोर मध्येच जातो, आणि कधीकधी आत खट्ट असा आवाज होतो.

आता तपासणीत काय करायचं? मनगटाच्या मागच्या बाजूला, लांब हाडावर एक लहानसा उंचवटा हाताला लागतो. त्याच्या बोटभर पुढे दाबलं की तो दचकतो. हीच दुखापतीची जागा. मग अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या कर्क वॉटसन यांची चाचणी. तळव्याच्या बाजूने होडीच्या पुढच्या टोकावर अंगठा दाबून धरायचा आणि रुग्णाचं मनगट करंगळीकडून अंगठ्याच्या बाजूला न्यायचं. होडीला तळव्याकडे झुकायचं असतं, आपला अंगठा तिला झुकू देत नाही. बंध तुटलेला असेल तर ती खळगीतून मागे सरकते, आणि अंगठा काढला की खट्ट करून परत बसते. दुखणं आणि खट्ट दोन्ही झालं, दुसऱ्या हाताला झालं नाही, तर ही चाचणी अर्थपूर्ण. नुसता आवाज पुष्कळ निरोगी सैल मनगटांत येतो. आता मूठ आवळून चित्र काढलं. उजवी फट 4 मिलिमीटर, डावी 2. बाजूच्या चित्रातला कोन 75 अंश. एमआरआयमध्ये फाट दिसली तर उत्तम, न दिसली तरी संशय मिटत नाही. शेवटचा शब्द दुर्बिणीचा. आर्थ्रोस्कोपीत सुई दोन हाडांच्या मध्ये सरकते का, दुर्बीणच आरपार जाते का, हे डोळ्यांनी बघता येतं, आणि कूर्चा किती शाबूत आहे तेही.

हा माणूस काहीच न करता राहिला तर? इथे 1984 सालचा लेख मोलाचा आहे. याच वॉटसन यांनी बॅलेट यांच्याबरोबर मनगटाचे 4000 एक्स-रे तपासले. त्यात 210 मनगटांत सांध्याची झीज होती, आणि त्यातल्या 57 टक्क्यांत झिजेचा नमुना एकच होता. त्याला त्यांनी स्लॅक असं नाव दिलं. झीज आधी होडीचं टोक जिथे लांब हाडाच्या अंगठ्याकडच्या टोकाला लागतं तिथे सुरू होते. मग होडीची पूर्ण बैठक झिजते. मग कॅपिटेट आणि चंद्रकोर यांच्यामधला सांधा. पण चंद्रकोर आणि तिच्याखालची खळगी बहुतेक वेळा शेवटपर्यंत चांगली राहते.

का? चमच्यांनी समजेल. एका चमच्यात दुसरा तसाच चमचा ठेवला की तो अंगभर टेकतो. वरचा थोडा फिरवला की तो फक्त कडांवर टेकतो. होडीची बैठक अशी लांबट आहे. होडी फिरली की सगळा भार दोन कडांवर येतो आणि तिथली कूर्चा घासली जाते. चंद्रकोरीची बैठक मात्र वाटीसारखी गोल. गोल वाटीत गोल गोळा कसाही फिरवला तरी सारखाच टेकतो. फटीकडे पाहून हे कधीच कळलं नसतं. फिरण्याकडे पाहिलं तेव्हा झिजेचा नकाशा उलगडला.

पण प्रत्येक फाटलेला बंध या वाटेने जातोच असंही नाही. ओमिगन आणि सहकाऱ्यांनी 2003 साली काही रुग्णांचा मागोवा छापला. यांचा बंध फाटलेला दुर्बिणीत दिसला होता, पण हाडं जागेवर होती, आणि त्यांच्यावर उपचार केलेला नव्हता. सरासरी सात वर्षांनी दुखणं अनेकांना होतं, पण स्लॅकची झीज दिसली नाही. रुग्ण मोजकेच होते, हे खरं. तरी आम्हाला हा लेख महत्त्वाचा वाटतो, कारण वॉटसन यांनी झिजलेल्या मनगटांपासून मागे पाहिलं होतं. म्हाताऱ्या मनगटांवरून तरुण मनगटांचं भविष्य सांगताना जे वाचले ते मोजणीत येतच नाहीत.

दुरुस्तीचा इतिहास याच धड्याभोवती फिरतो. दुखापत ताजी असेल, साधारण सहा आठवड्यांच्या आत, तर तुटलेली टोकं परत हाडाला शिवता येतात. मनगटाच्या मागून उघडायचं, होडी आणि चंद्रकोर तारांच्या आधाराने सरळ करायची, बंधाची कड हाडात बसवलेल्या छोट्या अँकरच्या दोऱ्याने पक्की करायची, आणि हाडं आरपार तारांनी साधारण आठ आठवडे धरून ठेवायची. तारा काढल्यावर महिनोन् महिने व्यायाम. पुढे वेळ गेला की टोकं आक्रसतात, कुजतात, शिवायला काही उरत नाही. आपला लेथवाला नेमका इथे हुकला. तीन महिन्यांत बंध उरतो कधी, नसतो कधी, उघडल्यावरच कळतं.

उशिरा आलेल्यांसाठी 1987 साली ब्लॅट यांनी मागच्या आवरणाची एक पट्टी होडीच्या पुढच्या टोकाला बांधून तिला झुकू न देण्याची युक्ती मांडली. जनावराला दावं बांधावं तसं. होडी थांबायची, पण मनगट तळव्याकडे वाकवण्याची काही मर्यादाही कायमची जायची. 1995 साली इटलीतल्या ब्रुनेल्ली पिता-पुत्रांनी वेगळा विचार केला. मनगट वाकवणाऱ्या एका स्नायूच्या दोरीची पट्टी घ्यायची, तिचं पुढचं टोक तसंच ठेवायचं, होडीच्या पुढच्या भागात तळव्याकडून पाठीकडे बोगदा पाडून ती आरपार न्यायची आणि मागे लांब हाडाला बांधायची. यात होडीला मागून ओढलं जात होतं आणि खालचे सैल झालेले साथीदारही बदलले जात होते. म्हणजे फट जवळ ओढण्यापेक्षा फिरणं थांबवण्यावर भर. लांब हाडाला बांधल्याने हालचाल अडायची, म्हणून पुढच्या लोकांनी ते टोक तिथून सोडवलं. 2006 साली बार्सिलोनाचे गार्सिया-इलियास आणि ल्यूक आणि इंग्लंडचे स्टॅन्ली यांनी ती पट्टी चंद्रकोरीवर पक्की करून मागच्या एका बंधाभोवती वळवून परत शिवली. आज जगात सगळ्यांत जास्त वापरली जाते ती हीच पद्धत किंवा तिची भावंडं. त्यांनी शस्त्रक्रिया निवडण्यासाठी प्रश्नांची एक साखळीही दिली. बंध शिवण्यासारखा उरला आहे का? फिरलेली हाडं हाताने सहज जागेवर येतात का? कूर्चा शाबूत आहे का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नाही आलं तर दोरी बांधून उपयोग नाही, कारण झिजलेल्या पृष्ठभागावर हाड कितीही सरळ ठेवलं तरी ते घासणारच.

आपल्या माणसाची हाडं जागेवर येतात आणि कूर्चा चांगली आहे, म्हणून त्याला ही पट्टीची शस्त्रक्रिया सुचवता येईल. पण त्याला आधीच सांगायला हवं की मनगट पूर्वीसारखं होणार नाही. पकड काही प्रमाणात कमी राहील, मागे-पुढे वाकणं कमी राहील, दुखणं बहुधा कमी होईल. आणि एक गोष्ट जी सांगायला अनेक डॉक्टर कचरतात: शस्त्रक्रियेनंतर बंद झालेली फट दोन-तीन वर्षांत पुन्हा थोडी उघडलेली दिसते. बऱ्याच जणांना त्याचं काही वाटत नाही, हात चांगला चालत असतो. काहींची फट छान बंद राहते आणि हात दुखत राहतो.

तो बारा वर्षांनी, होडीची बैठक झिजल्यावर आला असता तर दुरुस्तीचा विषय संपला असता. मग वाचलेल्या सांध्यावर जगायचं. चंद्रकोरीची गोल वाटी शाबूत राहते ना, तिचाच फायदा घ्यायचा. एक मार्ग, होडी काढून टाकायची आणि उरलेल्यांपैकी चार हाडं एकमेकांत जखडून एक करायची, म्हणजे सगळी हालचाल त्या चांगल्या वाटीत होईल. वॉटसन यांनी हेच सुचवलं, पण सुरुवातीला काढलेल्या होडीच्या जागी सिलिकॉनची होडी बसवली जायची. सिलिकॉन झिजून त्याच्या कणांमुळे सांध्याला सूज येते हे कळल्यावर ती बसवणं बंद झालं. दुसरा मार्ग 1944 सालचा, लंडनच्या स्टॅम यांचा. मागची सगळी ओळच काढायची, आणि कॅपिटेटचं डोकं चंद्रकोरीच्या रिकाम्या वाटीत बसवायचं. ऐकायला भयंकर वाटतं, पण हात चालतो. अट एकच, कॅपिटेटच्या डोक्यावरची कूर्चा चांगली हवी. दोन्हींची तुलना करणाऱ्यांना दुखणं साधारण सारखंच कमी झालेलं दिसतं. दुसऱ्यात हालचाल थोडी जास्त आणि गुंतागुंत कमी, पण कालांतराने त्या नव्या सांध्याची झीज जास्त. लेथवर जोराचं काम करणाऱ्या चाळिशीतल्या माणसाला बरेच जण पहिला मार्ग सुचवतात. आमचं मत तितकं ठाम नाही. हाडं जुळून येण्यासाठी महिने घरी बसणं त्याला परवडतं का, हे विचारल्याशिवाय ते ठरवता येत नाही.

व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं की मग पहिल्या दिवशी काय मागायचं. तर एवढंच: हात टेकून पडल्यावर मनगटाच्या मागे, त्या उंचवट्याच्या पुढे दाबून दुखत असेल, तर फ्रॅक्चर नाही म्हटल्यावरही दोन्ही मनगटांचे मूठ आवळून एक्स-रे काढायला सांगा, आणि बाजूचं चित्र नीट सरळ आलं आहे का ते बघायला सांगा. दुखणं टिकलं तर दहा-बारा दिवसांनी परत दाखवा, कारण सहा आठवडे फार लवकर संपतात.